फोटो पाठ, पण पिन दुसरीकडे

पत्र

सर, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव चोपडा तालुक्यात, कॉलेज खान्देशातच. सीनियर्सनी मागच्या काही वर्षांच्या प्रॅक्टिकलमधले स्पॉटरचे फोटो दिले आहेत, उत्तरं लिहिलेले. मी ते रोज बघते. मोबाइलवर फोटो आला की दोन सेकंदांत उत्तर सांगते, रूममेट विचारून थकते. पण टर्मिनलला हॉलमध्ये गेले आणि सगळं गेलं. लंगचा स्पॉटर होता, पिन हायलमवर सगळ्यात वरच्या भोकात. फोटोत तसाच होता म्हणून मी ‘एपार्टेरियल ब्राँकस’ लिहिलं. उत्तर निघालं ‘लेफ्ट पल्मनरी आर्टरी’. मॅडम म्हणाल्या, ‘बघून तरी लिहायचं.’ मी बघूनच लिहिलं होतं! युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकलला आता फार दिवस नाहीत. हे फोटो अजून जास्त वेळा करू, की सोडून देऊ?

— प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर

बेटा, फोटो सोडू नकोस, पण पाठ करणं आजपासून बंद कर. तू लंग ओळखायला शिकली नाहीस, फोटो ओळखायला शिकलीस. दारात बांधलेल्या बैलावरून एखाद्याचं घर ओळखावं, तसं झालं. बैल शेतात गेला की घर सापडत नाही. तुझा ‘बैल’ म्हणजे फोटोतला कोपऱ्यातला फाटका प्ल्युरा, हिरवी टाइल, पिनचा लाल झेंडा, नाहीतर लंग आडवा ठेवण्याची ती विशिष्ट पद्धत. मेंदूला हे दुवे सोपे पडतात आणि तो गुपचूप तेच धरून ठेवतो. म्हणून मोबाइलवर दोन सेकंदांत उत्तर येतं, हॉलमध्ये येत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर आज रात्रीच एक गोष्ट कर. तो फोटो उलटा फिरव, पिन दिसणार नाही असा कापून घे, फक्त हायलमचा भाग ठेव आणि रूममेटला विचारायला सांग, ‘ही बाजू कुठली आणि हे भोक कशाचं?’ गोंधळलीस, तर तुझ्या डोक्यात अवयव नसून चित्र बसलंय हे कळेल.

आता त्या लंगकडेच जाऊ. तुझ्या पत्रातली चूक इतकी नेमकी आहे की तिच्यावरच पूर्ण पद्धत समजावता येते. डिसेक्शन हॉलमध्ये मी अनेक वर्षं स्पॉटर लावले आणि तपासले आहेत. पिन सगळ्यात वरच्या भोकात ठेवणं हा परीक्षकांचा जुना आवडता डाव आहे, कारण पाठ करून आलेल्यांचं आणि बघून लिहिणाऱ्यांचं उत्तर तिथेच वेगळं होतं.

पहिलं काम लंग सरळ करणं, मनातल्या मनात. टोकदार भाग म्हणजे एपेक्स वर, खोलगट बेस खाली. मग दोन कडा बघायच्या: पातळ आणि धारदार ती पुढची, जाड आणि गोल ती मागची. आता हायलम असलेली मिडियल बाजू तुझ्याकडे तोंड करून आहे असं धर. धारदार कडा तुझ्या उजव्या हाताला आली तर लंग डावा, डाव्या हाताला आली तर उजवा. एवढ्यावर बाजू ठरते. भोकं मोजायची अजून वेळच आलेली नाही.

दुसरं, बाजू ठरवायला दुसरा साक्षीदार हवा. डाव्या लंगच्या पुढच्या कडेवर कार्डिॲक नॉच आणि त्याखाली जिभेसारखा लिंग्युला. हायलमच्या वरून कमानीसारखी जाऊन मागून खाली उतरणारी रुंद खोबण दिसली, तर ती एओर्टाची. ती फक्त डाव्या लंगला असते. उजव्याला हायलमवरून जाणारी खोबण अरुंद असते, ती अझायगसची, आणि ती पुढे सुपीरियर व्हेना कावाच्या खोबणीला मिळते. फिशर मात्र पुरावा म्हणून दुय्यम धर. ‘दोन फिशर म्हणजे राइट, एक म्हणजे लेफ्ट’ हे वाक्य मुलं मंत्रासारखं म्हणतात, पण उजव्याचा हॉरिझॉन्टल फिशर अर्धवट असणं किंवा अजिबात नसणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि डाव्यालाही कधी जादा फिशर निघतो. फिशर मोजून बाजू सांगणारी मुलं त्या एका स्पेसिमनवर हमखास पडतात.

बाजू ठरली की मग पिन. आणि इथे तुझी खरी चूक कुठे झाली ते बघ. ‘वरचं भोक म्हणजे एपार्टेरियल ब्राँकस’ हे वाक्य खोटं नाही, ते फक्त उजव्या लंगबद्दल आहे. उजवीकडे मुख्य ब्राँकस लंगमध्ये शिरण्याआधीच वरच्या लोबसाठी फांदी देतो, आणि ती फांदी आर्टरीच्या वर असते. म्हणून उजव्या हायलमवर वरून खाली क्रम येतो: एपार्टेरियल ब्राँकस, पल्मनरी आर्टरी, हायपार्टेरियल ब्राँकस, इन्फीरियर पल्मनरी व्हेन. डावीकडे असं काही होत नाही. डावा मुख्य ब्राँकस सुमारे ५ सेंटीमीटर लांब, उजव्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि तो लंगमध्ये शिरल्यावर फुटतो. डावी पल्मनरी आर्टरी त्याच्यावरून कमान घालून जाते, म्हणून तिथे सगळ्यात वर आर्टरी, तिच्याखाली ब्राँकस, तळाला इन्फीरियर व्हेन. तुझ्या स्पॉटरमध्ये धारदार कडा उजव्या हाताला असणार, एओर्टाची खोबण असणार. म्हणजे वरचं भोक आर्टरी. दहा-पंधरा सेकंदांचं काम, पण ते ‘वरचं भोक’ या वाक्यापासून सुरू झालं नसतं तरच.

पुढून मागे जो क्रम आहे तो मात्र दोन्ही बाजूंना सारखा: पुढे सुपीरियर पल्मनरी व्हेन, मधे आर्टरी, मागे ब्राँकस. हा क्रम मी वरून खाली जाणाऱ्या क्रमापेक्षा जास्त भरवशाचा मानतो. ब्राँकस मागे, जाड कडेच्या बाजूला. एवढं डोक्यात असलं तर बाजू चुकली तरी ब्राँकस चुकत नाही.

आणि तिसरा पुरावा भिंतीचा. ब्राँकसच्या भिंतीत कार्टिलेज असतं, म्हणून त्याचं तोंड उघडं राहतं, कड पांढुरकी आणि कडक दिसते, भोक आतून रिकामं. आर्टरीची भिंत बऱ्यापैकी जाड, पण त्यात कार्टिलेज नाही. व्हेनची भिंत पातळ, बहुतेक वेळा चपटी झालेली. फॉर्मलिनमध्ये काळपट गुठळी अडकलेली दिसली, तर ती बहुतेक वाहिनी समज, ब्राँकस नाही. फोटोत हे दिसत नाही. फोटो सरळ समोरून काढलेला असतो, त्यात सगळी भोकं सपाट गोल होतात, कडेची जाडी आणि खोली निघून जाते. पाठ करून हा पुरावा कधीच मिळणार नाही. त्यासाठी स्पेसिमन हातात घ्यावं लागतं.

आमच्या हॉलमध्ये एक जुने अटेंडंट होते, शिरपूरकडचे. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली की म्हणायचे, ‘ताई, फोटोमा नको देख, हातमा लई देख.’ त्यांनी ॲनाटॉमी शिकवली नाही, पण हा सल्ला पुष्कळ पुस्तकांपेक्षा बरा होता.

घरी चालत असेल तर सुट्टीत मटणाच्या दुकानातून बकऱ्याची फुप्फुसं आण, श्वासनळीसकट. ब्राँकस बोटानं दाबून बघ, परत उघडतो. वाहिनी दाबली की चपटी राहते. हा फरक एकदा बोटाला कळला की मग डोळ्यालाही दिसू लागतो. पण भोकांचा क्रम बकऱ्यावरून शिकू नकोस. बकऱ्याच्या उजव्या वरच्या लोबचा ब्राँकस थेट श्वासनळीतूनच निघतो, लोबची मांडणीही वेगळी. आणि ताजी फुप्फुसं फॉर्मलिनमधल्यापेक्षा मऊ असतात. म्हणजे बोटाला भिंतीचा फरक शिकव, बाकी काही नाही.

एक खरी अडचण राहते, तीही सांगतो. भोकांची संख्या स्पेसिमन कुठून कापलंय यावर ठरते. रूट मेडियास्टायनमच्या जवळ कापलेलं असेल, तर उजव्या लंगलाही एकच मुख्य ब्राँकस दिसेल, फांदी अजून फुटलेलीच नसेल. खूप आत कापलं असेल तर डाव्यालाही फुटलेले ब्राँकस दिसतील. अशा वेळी ‘एपार्टेरियल’ हा शब्द लिहायचाच नाही. बाजू आणि भिंत बघून ‘राइट प्रिन्सिपल ब्राँकस’ किंवा ‘ब्राँकस, लेफ्ट लंग’ एवढंच लिहायचं. जितकं दिसतंय तितकं लिहिण्यात गुण जात नाहीत, जास्त लिहिलं की जातात.

हायलमवर कधीकधी काळी गाठही पिन केलेली असते. ती रक्ताची गुठळी समजून मुलं ‘थ्रॉम्बस’ वगैरे लिहितात. ती ब्राँकोपल्मनरी लिम्फ नोड असते, श्वासातून आलेल्या कार्बननं काळी झालेली. भोकात नसते, भोकांच्या मधल्या ऊतीत असते, यावरून ओळख.

आता तुझ्या फोटोंचं काय करायचं ते. प्रत्येक फोटोतला उत्तराचा भाग कापून टाक किंवा झाक, आणि मागे कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी लिही: काय आहे, कोणत्या बाजूचं, आणि मला कोणत्या दोन गोष्टींवरून कळलं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. दोन पुरावे लिहिता आले नाहीत तर उत्तर बरोबर आलं तरी ते चुकलेल्यात धर. तुझं आत्ताचं दोन सेकंदांचं उत्तर या कसोटीवर बहुतेक ठिकाणी पडेल, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिथेच पुढचा अभ्यास कुठून सुरू करायचा ते कळतं.

मग त्याच फोटोवर पिन हलव. एका हायलमच्या फोटोवर खरी पिन एकच असेल, पण तू मनात ती पाच ठिकाणी लावू शकतेस: वरचं भोक, मागचं भोक, सगळ्यात पुढचं, तळाचं आणि खाली लोंबणारी प्ल्युराची दुपदरी घडी. ती घडी म्हणजे पल्मनरी लिगामेंट. ती सहसा सुटते, म्हणून विचारली जाते. जुन्या प्रॅक्टिकलच्या फोटोंचा खरा उपयोग इथे आहे. कॉलेजच्या म्युझियममध्ये स्पेसिमन मर्यादित असतात, तेच जार वर्षानुवर्षं येतात, पण झेंडा हलतो. कोणत्या स्पेसिमनवर कुठे-कुठे झेंडा लागू शकतो याचा अंदाज फोटोंवरून घे. उत्तर फोटोवरून घेऊ नकोस.

फोटोंवर लिहिलेली उत्तरं कितपत विश्वासाची आहेत हेही तपास. कोणीतरी घाईत लिहिलेलं एक चुकीचं लेबल पाच बॅचेस पुढे जातं, कारण सगळे तेच पाठ करतात. दुसरा धोका त्याहून लपलेला आहे: आरसा फोटो. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला किंवा ॲपमध्ये उलटवलेला फोटो असेल, तर डावा लंग उजव्यासारखा दिसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. फोटोत जारवरचं लेबल किंवा पिनवरचा नंबर दिसत असेल तर अक्षरं उलटी आहेत का बघ. तेही नसेल तर दोन पुरावे एकमेकांशी भांडतायत का बघ. धारदार कडा डाव्या हाताला आहे, म्हणजे उजवा लंग. पण हायलमवर एओर्टाची रुंद कमान आहे, म्हणजे डावा. दोन्ही एकाच वेळी खरे होऊ शकत नाहीत. आरशात कडेची बाजू बदलते, खोबणीचा आकार आणि भोकांचा वरून खाली क्रम बदलत नाही. म्हणून खोबण खरी, कड खोटी, फोटो उलटा. असा एक फोटो स्वतः पकडलास की या पद्धतीवर तुझा विश्वास बसेल.

तुझ्या मोबाइलमधल्या सगळ्या फोटोंना हाच न्याय लावू नकोस. एक्स-रे बऱ्यापैकी जसेच्या तसे उपयोगी पडतात, कारण प्रॅक्टिकलला तीच फिल्म ठेवली जाते आणि फोटो व फिल्म यांत फरक कमी असतो. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड त्याच्या जवळपास, पण तिथे मॅग्निफिकेशन आणि फील्ड बदलतं, म्हणून फोटोत ठसठशीत दिसणारी रचना मायक्रोस्कोपमध्ये कोपऱ्यात असू शकते. हाडांचे फोटो सगळ्यात फसवे. हाड फिरवून कडा बोटानं चाचपल्याशिवाय डावं-उजवं कळत नाही. ओल्या स्पेसिमनवर फोटो कमी, हॉल जास्त. तुझ्याकडे दिवस कमी आहेत म्हणतेस, तर वेळ याच प्रमाणात वाट.

रोजचा क्रम असा ठेव. संध्याकाळी हॉल किंवा म्युझियम उघडं असेल तेव्हा मॅडमची परवानगी घेऊन एकच अवयव घे, दोन्ही बाजूंचे स्पेसिमन शेजारी ठेवून. फक्त डावा लंग एकटा बघून काही कळत नाही. डावा-उजवा शेजारी असले की फरक आपोआप नजरेत येतात. रात्री वही मिटून हायलम कोऱ्या कागदावर काढ, नावं घाल, मग तपास. तीन दिवसांनी परत काढ, आठवड्यानं परत. त्यानंतरच त्या अवयवाचे जुने फोटो उघड आणि स्वतःची परीक्षा घे. आधी फोटो बघितलेस की पुन्हा बैलच दिसेल.

रूममेटला एक काम दे. तिनं फोटो दाखवायचा, तू बाजू आधी बोलायची, मग पुरावे, आणि नाव शेवटी. नाव आधी आलं की तिनं थांबवायचं. सुरुवातीला तुला फार हळू वाटेल, नंतर वेळ आपोआप कमी होईल. तुमच्या कॉलेजात स्टेशनवर जेवढा वेळ मिळतो तेवढाच टायमर लाव.

हॉलमधले फोटो ग्रुपवर टाकू नकोस आणि आलेले पुढे ढकलू नकोस. बहुतेक कॉलेजांत डिसेक्शन हॉलमध्ये कॅमेऱ्याला बंदी असते, आणि त्या टेबलावर देहदान केलेली माणसं असतात. चेहरा किंवा ओळख पटेल असं काही असलेला फोटो तुझ्याकडे असेल तर तो डिलीट कर. म्युझियमच्या जारचे आणि हाडांचे ठेवलेस तरी अभ्यासाला पुरतात.

स्टेशनवर पिनला हात लावायचा नाही. ती हलली तर तुझंच नाही, मागच्या दहा जणांचंही उत्तर बिघडतं. स्पेसिमनला हात लावायची परवानगी आहे का हे आधीच विचारून ठेव, कारण भिंतीची ओळख तिथेच कामी येते. उत्तर लिहिताना बाजू आधी लिही: ‘लेफ्ट पल्मनरी आर्टरी, ॲट द हायलम’. नुसतं ‘पल्मनरी आर्टरी’ लिहिलं तर अर्धा गुण जाण्याची शक्यता असते. बेल वाजायला आली आणि नाव सुचलंच नाही, तर कोरा कागद ठेवू नकोस. बाजू आणि ‘आर्टरी’ की ‘ब्राँकस’ एवढं तरी लिही; ते तुला दिसलेलं आहे, त्याला फोटोची गरज नाही.